ओळखीतली जागा

पूल निम्मा संपला तेव्हा थोरलीच्या टाचेने आपलं म्हणणं मांडायला सुरुवात केली. तिने कठड्याला हात टेकला, पण थांबली नाही. पुढे तिची धाकटी जाऊ झपाझप चालली होती. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत कागदांची फाईल, आणि मान अशी ताठ, जणू परीक्षेलाच निघाली आहे.

"दमलात, ताई?" धाकटीने मागे न बघताच विचारलं.

"दमतेय कशाला. चाल तू."

"मागून बस येतेय. तुम्ही बसून या हवं तर. मी गाठते तुम्हाला फाटकापाशी."

"निघालो दोघी, तर पोचू दोघी."

बस शेजारून धूळ उडवत निघून गेली. पैसे नव्हते म्हणून त्या चालत होत्या असं नव्हे. घरापासून पुलापलीकडच्या धर्मादाय रुग्णालयापर्यंत रोज पायी जमेल का, हे धाकटीला आज बघायचं होतं. तिथल्या रक्त-लघवी तपासायच्या प्रयोगशाळेत ती शिकाऊ म्हणून जागा मागायला निघाली होती. जागा मिळाली आणि पगार नाही असं म्हणाले, तर निदान बसभाडं तरी वाचेल का, ते घरी बसून कसं कळणार? म्हणून ही रंगीत तालीम.

थोरली सोबत निघाली ती कुणी बोलावलं म्हणून नाही. सकाळी देवापुढे दिवा लावताना तिला वाटलं, आज हिला एकटीने जाऊ देणं बरं नव्हे. तशी ही पायपीट धाकटीच्या वाट्याला आली ती कुणामुळे, हे घरात कुणी बोलत नसलं तरी थोरलीला ठाऊक होतं. आणि एक गोष्ट अशीही होती, जी फक्त तिलाच ठाऊक होती. ती तिने कालपासून जिभेखाली दाबून धरली होती.

धाकटी या घरात आली तेव्हा जेमतेम वीस-एकवीसची असेल. अंगाने किरकोळ, आवाज मात्र खणखणीत. पहिल्याच आठवड्यात तिने सासऱ्यांना विचारलं होतं, "मामा, पाण्याची टाकी महिन्यातून एकदाच का धुतात? आणि धुतात तेव्हा तळाशी हात कोण घालतं?" मामंजी चष्म्यातून बघतच राहिले. मग हसले, आणि त्या दिवसापासून घरात तिचं नाव 'प्रश्नपत्रिका' पडलं. नाव लाडाचंच होतं. पण थोरलीला तेव्हा त्या लाडाची धास्ती वाटायची. तिने नव्या जावेला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन समजावलं होतं, "अगं, एवढं विचारू नये. माणसं काय म्हणतील? आपल्याला समजून घेता येतं ना? मग घ्यावं समजून."

धाकटी हळूहळू समजून घ्यायला शिकली. निदान घरात तरी.

पुढे दीर, म्हणजे धाकटीचे यजमान, लांब पल्ल्याच्या मालट्रकवर चालक म्हणून लागले, महिन्यातून एकदा घरी यायचे. धाकटीने मग कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गल्ल्यावर नोकरी धरली. तिथे तिचे प्रश्न पुन्हा वर आले. ही गोळी जेवणाआधी का, ती जेवणानंतर का. साखरेच्या रिपोर्टवर दोन आकडे कशाला. लोक रिपोर्ट घेऊन दुकानात यायचे आणि दुकानदाराला 'हे काय लिहिलंय' विचारायचे. दुकानदार म्हणायचा, डॉक्टरांना दाखवा. धाकटी मात्र रात्री मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी शोधत बसायची. मुलगी शाळा संपवून वसतिगृहात गेली त्या वर्षी धाकटीने जाहीर केलं, "मी प्रयोगशाळेच्या तंत्रज्ञाची पदविका करणार."

थोरलीचे यजमान म्हणाले, "या वयात?"

"भावजी, रक्त काढायला वय कुठे लागतं? सुई लागते."

दिराने परवानगी फोनवरूनच दिली. म्हणजे परवानगी अशी नाही, "बघ बाई, तुला झेपतंय तर" एवढंच म्हणाले.

धाकटी शिकली. वर्गातल्या पोरी तिला 'काकू' म्हणायच्या आणि तिच्याच वहीवरून उतरवून घ्यायच्या. लेखी परीक्षा चांगल्या गुणांनी झाली. आता उरलं होतं सहा महिन्यांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण. ते कुठल्या तरी चालू प्रयोगशाळेत करून, तिथलं प्रमाणपत्र संस्थेत दिलं, की पदविका हातात.

इथे थोरली मधे आली.

ती ज्या प्रार्थना मंडळात जायची, तिथे पेटी वाजवणाऱ्या एक बाई होत्या. सगळे त्यांना पेटीवाल्या बाईच म्हणत. सूर गोड, स्वभाव मोकळा. त्यांच्या मुलाने बाजारपेठेत मोठी पाटी लावून लॅब काढली होती. थोरलीने एकदा प्रार्थना संपल्यावर विषय काढला आणि बाई लगेच म्हणाल्या, "अहो, घरचंच आहे. उद्याच पाठवा."

थोरलीला तेव्हा किती बरं वाटलं होतं. देवाच्या दारातच काम झालं, असं ती घरी येऊन म्हणालीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी दोघी तिथे गेल्या होत्या. काचेचं दार, थंडगार खोली, खुर्च्यांची रांग, पेटीवाल्या बाई मुद्दाम आलेल्या. मुलगा टेबलामागे. तो म्हणाला, "सकाळी या, काम संपलं की जा. थोडंफार देऊच आपण. आणि शिकायचं काय, आपोआप शिकाल."

धाकटीने आत डोकावून पाहिलं आणि तोंड उघडलं, "तपासणीची यंत्रं आत आहेत का? म्हणजे नमुने इथेच..."

टेबलाखाली थोरलीने तिच्या मांडीला चिमटा काढला. बारीकसाच. लग्नकार्यात लहान मुलांना काढतात तसा. धाकटीचं वाक्य तिथेच तुटलं. पेटीवाल्या बाईंनी थोरलीकडे पाहिलं, थोरलीने खाली पाहिलं आणि हसून म्हणाली, "हिला चौकसपणा जरा जास्त आहे."

परत येताना धाकटी म्हणाली होती, "ताई, वेळ काय, देणार किती, प्रमाणपत्रावर सही कुणाची, काहीच विचारलं नाही आपण."

"ओळखीत असं विचारायचं नसतं. विश्वास नाही असं वाटतं."

यावर धाकटीने समजून घेतलं.

पूल संपला. उतारावर एक रोपवाटिका लागली. कुंड्यांना पाणी घालणाऱ्या माणसाने नळी बाजूला धरून दोघींना वाट दिली. धाकटी त्याला म्हणाली, "धन्यवाद, भाऊ. इथून रुग्णालय किती लांब?" तो म्हणाला, "ते काय, पिवळी भिंत दिसली की आलंच." पिवळी भिंत कुठे दिसत नव्हती.

"ताई, तिथे गेल्यावर," धाकटी म्हणाली, "मी सगळं विचारणार आहे. तुम्हाला अवघडल्यासारखं होईल. आधीच सांगते."

"विचार की. मी काय तुझं तोंड धरलंय?"

बोलून झालं आणि थोरलीचे कान तापले. तोंड धरलं नव्हतं, हे खरं. मांडी धरली होती.

चार महिने धाकटी त्या काचेच्या दारामागे राबली. उपाशीपोटी रक्त द्यायला येणारी माणसं भल्या पहाटे येतात, म्हणून ती पहाटे जायची. 'काम संपलं की जा' असं ठरलं होतं, पण काम संपायचंच नाही. दुपारी लोकांच्या घरी जाऊन रक्त आणायचं, संध्याकाळी रिपोर्ट वाटायचे, आले नाहीत की चिडलेल्या माणसांना आपल्याच फोनवरून समजावायचं. रविवारी तर गर्दी जास्त. घरोघरी जायची रिक्षा स्वतःच्या पैशांची, अंगावरचा पांढरा डगला स्वतःचा, फोनचा खर्च स्वतःचा. थोडंफार देऊ म्हणाले होते, त्यातलं थोडं एकदा दिलं आणि फार राहून गेलं.

हेही तिने सोसलं असतं. शिकायला मिळतंय म्हटल्यावर माणूस काय वाटेल ते सोसतं. पण शिकायला तिथे काही नव्हतंच. पाटीवर 'लॅब' लिहिलं होतं, पण ते नुसतं नमुने गोळा करायचं केंद्र होतं. रक्त घ्यायचं, नळीवर नाव चिकटवायचं, एका फिरत्या यंत्रात घालून वरचं पाणी वेगळं करायचं, बर्फाच्या डब्यात भरायचं आणि दुपारच्या गाडीने दुसऱ्या शहरातल्या मोठ्या लॅबकडे पाठवायचं. चाचण्या सगळ्या तिकडे. इथे धड एक सूक्ष्मदर्शक नव्हता. तो एक प्रश्न, जो चिमट्याने तुटला, तो पुरा झाला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

कळलं ते संस्थेतल्या सरांनी कामाची नोंद बघायला मागितली तेव्हा. सर म्हणाले, "रक्तपेशींचा विभाग? जीवरसायन? सूक्ष्मजीव? कुठेच काही नाही. तुम्ही चार महिने केलंत काय?" आणि दुसरं, "यांच्या प्रमाणपत्राला आम्ही मान्यता देऊ शकत नाही. चाचण्या जिथे होतात तिथलं पाहिजे, आणि पात्र देखरेख करणाऱ्याची सही पाहिजे. आधी आम्हाला विचारायचं ना."

धाकटी घरी आली ती थेट स्वयंपाकघरात गेली. कणीक भिजवता भिजवता एकदम म्हणाली, "हातातल्या शिरा मात्र आता झोपेतही सापडतील मला." आणि हसली. थोरलीला ते हसणं रडण्यापेक्षा जड गेलं.

थोरली तडक पेटीवाल्या बाईंच्या मुलाकडे गेली होती, एकटीच. तो वाईट माणूस नव्हता. खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, "काकू, एवढंच ना? सगळ्या विभागांची नावं घालून प्रमाणपत्र लिहून देतो. ओळखीच्या एका मोठ्या लॅबचा शिक्काही मिळेल. चिंता सोडा."

आणि थोरलीला, रोज दिवा लावणाऱ्या थोरलीला, ते पटलं होतं. पोरीने कष्ट तर केलेतच, देवाला दिसतंय की, असं मनाशी म्हणत ती घरी आली आणि धाकटीपुढे तो तोडगा ठेवला.

धाकटीने हातातलं भांडं खाली ठेवलं. "ताई, मला पेशी मोजता येत नाहीत. पुस्तकात येतात, काचेखाली नाही. उद्या कुणाचं पोर तापाने फणफणलेलं येईल आणि मी काय बघणार काचेत? तो शिक्का?"

त्या रात्री थोरली देवापुढे बसली तर जप पुढे सरकेना.

पिवळी भिंत आली. फाटकातून आत गेल्यावर औषधी वास, ओलं फरशीपुसणं, आणि जिन्याखाली 'प्रयोगशाळा' असा बाण. खिडकीपाशी नमुने देणाऱ्यांची रांग होती. धाकटी रांगेला वळसा घालून दारापाशी थांबली आणि आत बघितलं. थोरलीनेही बघितलं. लांब ओट्यावर यंत्रं होती, त्यांच्यावर आकडे धावत होते. एक मुलगी सूक्ष्मदर्शकावर डोळा लावून बोटाने मोजणीचे खटके दाबत होती, टक टक टक. धाकटी ते बघत अशी उभी राहिली, जसं कुणी दुसऱ्याच्या घरात आपलं भांडं ओळखावं.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम पन्नाशीच्या, केस घट्ट बांधलेले, बोलणं त्याहून घट्ट. त्यांनी फाईल चाळली. "चार महिने तिकडे काढलेत? आणि सोडलंत का?"

"तिथे चाचण्या होत नव्हत्या, मॅडम. मी आधी विचारलं नाही. चूक माझी."

थोरलीने मान वर केली. चूक माझी. ते दोन शब्द धाकटी किती सरळ बोलून गेली, आणि ते तिचे नव्हतेच.

"बरं. शिकाऊ एकच घेणार आहोत. सोमवारपासून या."

"मॅडम, मला काही विचारायचंय. विचारू?"

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. "विचारा."

थोरलीने दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली सरकवले आणि त्यांच्यावर बसून राहिली.

"वेळ कुठली? सुरू कधी, संपणार कधी, सुट्टी कोणत्या वारी?"

"आठ ते चार. आठवड्याला एक सुट्टी, पण ती फिरती, रविवारच मिळेल असं नाही. रात्रपाळी शिकाऊंना नाही."

"चारनंतर काम उरलं तर?"

"चारला तुम्ही जायचं. कधी थांबायची वेळ आली तर तेवढे तास पुढे भरून मिळतील. पण फुकटची सवय मला नाही आवडत, ना तुम्हाला लावायची, ना आम्हाला लागायची."

"विद्यावेतन आहे का?"

"पहिले दोन महिने नाही. पुढे थोडं आहे, ते महिन्याच्या पाच तारखेला मिळतं. कमी आहे, आधीच सांगते."

"आणि येण्याजाण्याचा, डगल्याचा, हातमोज्यांचा खर्च?"

"हातमोजे, मास्क इथले. डगला तुमचा. येणंजाणं तुमचं. घरी जाऊन नमुने आणायला शिकाऊंना आम्ही पाठवतच नाही."

धाकटीने मान हलवली आणि थोरलीकडे एकदा पाहिलं. येणंजाणं पायी झालं होतं, टाच सोडली तर.

"सुई टोचली हाताला, तर?"

मॅडम पहिल्यांदाच नीट तिच्याकडे बघायला लागल्या. "लगेच सांगायचं, लपवायचं नाही. तपासणी आणि औषध रुग्णालय करतं. रक्तातून लागणाऱ्या काविळीची लस घेतली आहे का तुम्ही?"

"नाही. तिकडे कुणी विचारलं नाही."

"चार महिने रक्त काढलंत आणि..." मॅडमनी वाक्य सोडून दिलं. "इथे सुरू करायच्या आधी पहिली मात्रा. आम्ही देतो."

हा प्रश्न तर चिमटा काढला नसता तरी थोरलीच्या स्वप्नात आला नसता. चार महिने ही पोर उघड्या हाताने कुणाकुणाच्या रक्तात हात घालत होती, आणि आपण संध्याकाळी तिला विचारायचो, आज काय नवीन शिकलीस.

"शिकवणार कोण, मॅडम? आणि काय काय?"

"दर विभागात काही आठवडे. आधी नुसतं बघायचं. मग माझ्या किंवा ज्येष्ठ तंत्रज्ञाच्या समोर करायचं. तुमच्या हाताने चाचणी होईल, पण रिपोर्टवर सही तुमची नाही. नळ्या धुण्याचं कामही येईल वाट्याला, पण नुसतं तेच नाही."

"प्रमाणपत्र?"

"रुग्णालयाच्या कागदावर. विभाग, कालावधी, आणि आमच्या डॉक्टरांची सही. संस्थेला चालतं का, ते तुम्ही आधी विचारून या, आमचं नाव सांगून."

"मधे काही कारणाने सोडावं लागलं तर?"

"केलंत तेवढ्याचं मिळेल. तेवढ्याचंच."

"आणि मूळ गुणपत्रिका ठेवून घेता का?"

"नक्कल द्या. मूळ तुमच्या कपाटात बरी." मॅडम खुर्चीला टेकल्या. "मुलाखत मी घेतेय की तुम्ही?"

धाकटी गडबडली नाही. "एकच राहिलं. हे सगळं एका कागदावर मिळेल?"

थोरलीच्या मांडीखाली दबलेल्या हातांना मुंग्या यायला लागल्या होत्या. तिला वाटलं, गेलं. गेली जागा. एवढं कोण ऐकून घेतं?

मॅडम म्हणाल्या, "कुणी मागत नाही. मागायला हवं. कारकुनाला सांगते, दोन दिवसांत घेऊन जा." मग फाईल मिटत, "तुमचं वय बघून मला वाटलं होतं, ही बाई शिकायला वाकेल का. आता वाटतं, हिला वाकवायला मलाच वाकावं लागेल."

बाहेर आल्यावर धाकटी फाटकापाशी थांबली आणि भिंतीला पाठ टेकून उभी राहिली. चेहरा उजळलेला होता, पण डोळे हिशेबात होते. "पहिल्यापासून सहा महिने, ताई. पदविका चार महिने पुढे गेली. दुकानदाराशी बोलून संध्याकाळी गल्ल्यावर बसते. चारला सुटले, पाचला पोचते दुकानात. जमेल."

"माझ्यामुळे," थोरली म्हणाली.

"काय तुमच्यामुळे?"

"चार महिने."

'नाही हो ताई' असं धाकटी म्हणाली नाही. थोरलीला तेच बरं वाटलं. खोटं प्रमाणपत्र न घेणारी बाई खोटा दिलासा तरी कशाला देईल?

त्या परत निघाल्या. रोपवाटिका गेली, चढ आला. टाच आता बोलत नव्हती, ओरडत होती. पुलाच्या सुरुवातीला कठड्याशी टेकायला एक दगडी ओटा होता, तिथे थोरली बसली, आणि बसल्यावर तिला कळलं की आता गिळून चालणार नाही.

"एक सांगायचंय तुला."

"सांगा."

"काल मंडळात पेटीवाल्या बाई भेटल्या. तुटक बोलत होत्या. म्हणाल्या, तुमची जाऊ मधेच सोडून गेली, पोराची पंचाईत झाली. चार बायांसमोर म्हणाल्या. मला कसंतरी झालं."

"मग?"

"मग मी म्हणाले, दुसरी देते." थोरलीने पदर बोटाला गुंडाळला. "आपल्या खालच्या शिवणकामवाल्या बाईंची मुलगी. ती पण तोच कोर्स करते ना, तिलाही प्रशिक्षणाला जागा हवीच होती. तिच्या आईला मीच जाऊन सांगितलं, ओळखीतलं आहे, डोळे झाकून पाठवा. ती माउली एवढी खुश झाली की तिने माझी शिवण फुकट करून दिली. सोमवारी जाणार आहे पोर."

धाकटी उभीच होती. पुलाखालून पाणी चाललं होतं, वरून गाड्या. थोरलीला वाटलं, ही आता चिडेल, चिडावी.

"तिला लस दिली असेल का कुणी?" धाकटी म्हणाली.

थोरली रडायला लागली. आवाज न करता, रस्त्यावर रडतात तशी, नाक पुसायच्या निमित्ताने. "मी संध्याकाळी देवापुढे..."

"देवाला माहीतच आहे, ताई. त्या पोरीला नाही माहीत." धाकटीचा आवाज कडक नव्हता. ती ओट्यावर शेजारी बसली, फाईल मांडीवर घेतली, आणि थोरलीची चप्पल सरळ करून तिच्या पायाजवळ ठेवली. "सांगणारच होतात ना मला? कधी?"

"आज. निघाल्यापासून. पूल चढताना, उतरताना. तू आत जाईपर्यंत."

"म्हणजे चिमटा या वेळी स्वतःलाच काढत होतात."

थोरली त्या रडण्यातही हसली. एक सायकलवाला दोघींकडे बघत गेला.

"मी सांगते तिला," थोरली म्हणाली. "आजच जाते खाली. सांगते, नको जाऊ."

"नको जाऊ असं नका सांगू. तिला रक्त काढायला शिकायचं असेल आणि तेवढ्यासाठी महिनाभर जायचं असेल, तर जाऊ दे. हात चांगला बसतो तिथे, खोटं कशाला बोलू. पण जाईल ती माहीत असून जाऊ दे. चाचण्या होतात का, संस्थेला चालतं का, वेळ काय, खर्च कुणाचा, प्रमाणपत्रात काय लिहिणार, लस. हे तिने विचारावं आणि मग तिने ठरवावं."

"ती एवढीशी पोर. पेटीवाल्या बाईंसमोर कशी विचारेल?"

"मी पण पोरच होते की टाकीचं विचारलं तेव्हा."

मग धाकटी उठली. पुलाच्या पलीकडे घराच्या दिशेने बघत, थोरलीला हात देत ती म्हणाली, "ताई, माझं एक काम करा. सोमवारी तिच्याबरोबर तुम्ही जा. तिच्या शेजारच्या खुर्चीत बसा. ती विचारायला लागली की पेटीवाल्या बाई तुमच्याकडे बघतील. तेव्हा तुम्ही खाली बघू नका."